'कळलं?' हा प्रश्न आहे का?

सहकारी ताईंनी त्यांच्या गणिताच्या तासाचं रेकॉर्डिंग माझ्या हवाली केलं आणि म्हणाल्या, "मी प्रश्न किती विचारते आणि मुलांना विचार करायला वेळ किती देते, तेवढं मोजून सांग." 38 मिनिटांचा तास. मला वाटलं, संध्याकाळचं काम. चार दिवस गेले.

पहिल्या मोजणीत 97 प्रश्न आले. दोन दिवसांनी पुन्हा मोजले तर 71! तोच तास, तेच कान. माझी इतकी चिडचिड झाली की दोन्ही याद्या शेजारी ठेवून एकेक ओळ जुळवत बसले. 26 चा फरक होता. त्यातले 19 म्हणजे 'कळलं?', 'हो ना?', 'आलं लक्षात?'. पहिल्या दिवशी मी ते धरले होते, दुसऱ्या दिवशी कंटाळून सोडले होते. उरलेले 7 म्हणजे एकच प्रश्न शब्द फिरवून पुन्हा विचारलेला. आवाज शेवटी वर जातो म्हणून 'कळलं?' कानाला प्रश्न वाटतो, पण त्याचं उत्तर कुणालाच नको असतं. मुलं 'हो' म्हणतात आणि गाडी पुढे जाते. शेवटी नियम लिहून काढला: ज्याला 'हो' सोडून दुसरं उत्तर येण्याची सोय आहे तो प्रश्न. 'कळलं?' वेगळ्या रकान्यात. पुन्हा विचारलेला प्रश्न नवा नाही, पण त्याची खूण मात्र करायचीच, कारण वाट पाहणं तिथेच तुटतं. हा नियम मोजायला बसण्याआधी लिहायला हवा होता. तुम्ही लिहा, आणि कुठलीही दहा मिनिटं दुसऱ्या दिवशी परत मोजून आकडा जुळतो का ते बघा.

वेळ मोजायला आधी स्टॉपवॉच घेतलं होतं, तो निव्वळ वेडेपणा. शांतता सेकंदभराची, आणि बटण दाबायला माझ्या बोटालाच पाव सेकंद लागतो. मग Audacity या आवाज संपादनाच्या प्रोग्राममध्ये फाइल उघडली. तिथे आवाजाची लाट दिसते. शिक्षकाचा शेवटचा शब्द संपतो तिथपासून पुढचा कुणाचाही शब्द सुरू होईपर्यंतचा तुकडा निवडायचा, Ctrl+B दाबायचं आणि प्रश्न कसला होता, शांतता कुणी मोडली ते लिहायचं. खुणा बाहेर काढल्या की साधी मजकुराची फाइल मिळते. सुरुवात, शेवट, खूण, सगळं सेकंदांत:

```
860.4	861.3	का-शिक्षक
864.1	864.8	पुन्हा-शिक्षक
```

म्हणजे चौदाव्या मिनिटानंतर ताईंनी विचारलं, "एक छेद तीन हा एक छेद चारपेक्षा मोठा का?" 0.9 सेकंद थांबल्या. मग स्वतःच म्हणाल्या, "तीन तर चारपेक्षा लहान आहे ना, मग असं कसं?" 0.7 सेकंद. आणि उत्तरही स्वतःच दिलं. एरवी चांगला प्रश्न होता हो.

हो, आवाज स्वच्छ करायची सोय त्यात असते, ती वापरू नका. खसखस कमी होते, पण मागच्या बाकावरची कुजबुजही जाते आणि उत्तर आलेलं असताना तिथे शांतता दिसते.

नुसत्या आवाजाने मला आणखी एकदा फसवलं. एका प्रश्नानंतर तब्बल 6 सेकंद शांतता, मी खूश. व्हिडिओ पाहिला तर ताई पाठमोऱ्या होऊन फळा पुसत होत्या! हात वर केलेली दोन मुलं त्यांना दिसणार कशी? म्हणून सरासरी काढली नाही. असल्या एका तुकड्याने ती फुगते. सगळ्या वेळा चढत्या क्रमाने लावून मधली घेतली: 0.9 सेकंद. अमेरिकेत शिक्षण-संशोधक मेरी बड रो यांनी 1970 च्या दशकात विज्ञानाच्या तासांवर हेच मोजलं, तेव्हाही शिक्षक सेकंदभरच थांबत होते. 3 सेकंदांच्या वर थांबले की मुलांची उत्तरं लांबत होती. मुलाचं उत्तर संपल्यावरची शांतताही त्यांनी मोजली होती. ती मी पहिल्या फेरीत विसरलेच, परत बसावं लागलं. पाढ्याच्या प्रश्नाला मात्र 3 सेकंद थांबून काही मिळत नाही. 'का' आणि 'कसं' वेगळे काढा.

ताईंना आकडे दिले असते तर त्या दुखावल्या असत्या. मी फक्त चौदाव्या मिनिटानंतरचा तो तुकडा ऐकवला, दोनदा. त्या म्हणाल्या, "मी थांबले होते असंच मला वाटत होतं." मग एवढंच ठरलं की पुढच्या तासात तीन 'का' प्रश्न आधीच वहीत लिहून ठेवायचे आणि ते विचारल्यावर मनात चार अंक मोजायचे.

त्यानंतर त्यांनी माझ्या तासाचं रेकॉर्डिंग मागून घेतलं. माझे 'कळलं?' 27 निघाले.