वरून जोडायची चार अक्षरे

आमच्या शाळेत मी पाचवीला आलो, तेव्हा मराठवाड्यातील जिल्हा परिषदेच्या इतर शाळांप्रमाणे इथेही इंग्रजी पाचवीपासूनच सुरू होत असे. मुळाक्षरे सुटी गिरवून झाल्यावर सरांनी चार रेघी वहीत जोडअक्षरी लेखन घ्यायला सुरुवात केली आणि त्याआधी कोणते वळण शिकवायचे, याचा त्यांनी बराच विचार केला होता, हे मला पुढे स्वतः शिक्षक झाल्यावर कळले.

बाजारात मिळणाऱ्या कित्त्यांमध्ये बहुधा प्रत्येक अक्षर पायाच्या रेघेवरून चढणाऱ्या रेघेने सुरू होते. सरांनी ते वळण नाकारले, कारण प्रत्येक अक्षराचा आरंभ खालूनच होतो असे एकदा मुलाच्या हातात बसले, की ओ, व्ही, डब्ल्यू आणि बी या चार अक्षरांपाशी ते हमखास अडखळते. ही चार अक्षरे मधल्या पट्ट्याच्या वरच्या रेघेपाशी संपतात. तिथून पुढच्या अक्षराकडे किंचित खोलगट आडवी रेघ न्यायची असते, पण सवयीचा हात पायाच्या रेघेवर उतरतो. म्हणून सरांच्या कित्त्यात चढती रेघ अक्षराचा भाग नसून दोन अक्षरांमधला दुवा होती. वळण सरळ उभे होते आणि आरचा खांदा ठसठशीत होता, इतकेच बाकी सांगण्यासारखे.

आधी खालून जुळणाऱ्या जोड्या झाल्या, मग फळ्यावर ‘ब्राउन’ हा शब्द आला. त्यात बी-आर, ओ-डब्ल्यू आणि डब्ल्यू-एन हे तीन सांधे वरचे, तर आर-ओ हा एकच खालचा. सर म्हणत, “लेकरांनो, शब्द लिहू नका, आधी सांधे लिहा.” मग एकेका जोडीची एक ओळ, त्यानंतर तीन अक्षरे आणि शेवटी अख्खा शब्द. हात खाली उतरला, तर बी हा एल आणि बिनटिंबाच्या आयसारखा दिसे, ओचा ए होई, आणि डब्ल्यू म्हणजे यूला चिकटलेला आय वाटे. सर वही शेजारच्या मुलाला देऊन ती जोडी वाचायला सांगत. ‘ऑन’ हा शब्द ‘अ‍ॅन’ असा वाचला गेला, की चूक कुठे आहे हे लिहिणाऱ्याला आपोआप समजे.

ओनंतर ई आला, की मात्र निव्वळ आडवी रेघ चालत नसे; ती जराशी खाली झुकवूनच ईचा फुगा सुरू करावा लागे, नाहीतर तो मिटून जाई. आयचे टिंब आणि टीची आडवी रेघ शब्द पुरा झाल्यावरच द्यायची, हे मात्र आम्हाला शिरोरेघेच्या सवयीमुळे चटकन जमले. पी, डी, टी, व्ही ही मोठी अक्षरे पुढच्या अक्षराला जोडण्याचा हट्ट सरांनी कधीच धरला नाही. तिथे हात उचलायला त्यांची पूर्ण मुभा होती.