बारशाचे तुकडे जोडताना

भाचीच्या बारशाचे व्हिडिओ तीन फोनांत विखुरलेले होते. काही माझ्या फोनवर, काही खानापूरच्या वहिनीकडे, उरलेले निपाणीच्या भावोजींकडे. सगळे मिळून तीन-चार मिनिटांची एकच फिल्म हवी, असं बहिणीचं म्हणणं. वेगळं ॲप घ्यायचं नाही, असं मी आधीच ठरवलं. फुकटची ॲपं बहुतेकदा कोपऱ्यात आपलं नाव उमटवतात, आणि फोनच्या गॅलरीत हे काम करायची सोय असतेच. माझा फोन सॅमसंगचा. त्यात व्हिडिओ निवडून खाली Create, मग Movie आणि तिथं Self-edited असं दाबलं की सगळे तुकडे एका पट्टीत येऊन बसतात. नव्या मॉडेलवर ही नावं थोडी बदललेली दिसतील.

खरं काम त्याच्या आधीचं. वहिनीने सगळं व्हॉट्सॲपवर नेहमीसारखं पाठवलेलं. तसं पाठवलं की व्हॉट्सॲप व्हिडिओ दाबून लहान करतं. फोनवर ते चालून जातं, टीव्हीवर लावलं की पाळण्यावरची फुलं नुसते रंगाचे ठिपके दिसतात. म्हणून तिला सांगितलं, पिनेचं चिन्ह दाबून ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठव. तसं केलं की मूळ फाइल जशीच्या तशी येते, फक्त मोठी असते. भावोजींचा फोन कन्नडमध्ये. त्यांना बटणांची नावं सांगून उपयोग नव्हता, त्यामुळे फोनवरून “पिन दाबा, मग कागदाचं चित्र दाबा” एवढंच सांगितलं आणि तेवढ्यावर काम झालं.

दुसरी अडचण क्रमाची. व्हॉट्सॲपवरून आलेल्या फाइली गॅलरीत बऱ्याचदा आल्या त्या वेळेनुसार लागतात, घेतल्या त्या वेळेनुसार नाही. त्यामुळे गॅलरीत घुगऱ्या वाटणं आधी आणि आत्याबाईंचं ‘कुर्र’ नंतर, असं सगळं उलटंपालटं लागलेलं. Movie मध्ये तुकड्यावर बोट दाबून धरलं की तो उचलून हवा तिथं नेता येतो. क्रम तारखेवरून न लावता प्रत्यक्ष बघूनच लावला.

मग काटछाट. तुकडा निवडला की त्याच्या दोन्ही टोकांना मुठी दिसतात, त्या आत ओढायच्या. आत्या बाळाच्या कानात नाव सांगते तो तुकडा चांगला मिनिटभराचा, त्यात सुरुवातीला “अगं पंखा बंद कर” आणि शेवटी कुणाचा तरी अंगठा. कापायची खूण तोंडाच्या हालचालीवरून ठरवू नये, आवाजावरून ठरवावी. बोलणं सुरू व्हायच्या अर्धा सेकंद आधी ठेवलं की पहिलं अक्षर तुटत नाही. इथं कापल्याने मूळ व्हिडिओला धक्का लागत नाही, कारण फिल्म नव्या फाइलीत सेव्ह होते. एकच व्हिडिओ गॅलरीतून थेट उघडून Trim केला तर मात्र Save न दाबता तीन ठिपक्यांतून Save as copy घ्यावं.

आणखी एक. भावोजींनी फोन आडवा धरलेला, वहिनीने उभा. दोन्ही जोडले की एकाच्या बाजूला काळे पट्टे येणारच. टीव्हीवर बघायचं म्हणून मी १६:९ ठेवलं आणि उभ्या तुकड्यांचे पट्टे तसेच राहू दिले. ते झाकायला चित्र मोठं केलं असतं तर बाळाचं डोकं कापलं गेलं असतं.

संगीताचं चिन्ह दाबून फोनमधलंच एक सनईचं गाणं लावलं. ऐकताना गोड वाटलं, पण आज्जीने बघितलं आणि म्हणाली, “सनई वाजालीय, माझा पाळणा कुठं हाय?” तिचं गाणं खाली दबून गेलेलं. व्हिडिओचा आवाज आणि संगीताचा आवाज यांच्या दोन वेगवेगळ्या पट्ट्या असतात. पण संगीत सगळ्या फिल्मभर पसरलेलं असतं, त्यामुळे ते कमी केलं तर घुगऱ्यांपाशीही सगळं मिळमिळीत होतं.

त्यावर उपाय दोन फेऱ्यांचा. आधी सजावट आणि पाहुणे येतात तिथपर्यंतची एक फिल्म केली, त्यात मूळ आवाज शून्यावर आणणारी पट्टी ओढली आणि सनई लावून सेव्ह केली. मग घुगऱ्या आणि फोटो यांची दुसरी तशीच. दुसऱ्या फेरीत पहिली फिल्म, आज्जीच्या पाळण्याचा मूळ तुकडा आणि दुसरी फिल्म या क्रमाने जोडल्या. या फेरीत संगीत घालायचं नाही आणि आवाज पूर्ण ठेवायचा. काही फोन फिल्म तयार करताना आपणहून संगीत लावतात, ते आठवणीने काढावं. प्रत्येक सेव्हला चित्र पुन्हा दाबलं जातं, म्हणून दोन फेऱ्यांपुढे जाऊ नये. बदल करायचा असेल तर मूळ तुकड्यांपासून करावा, तयार फिल्म परत परत कापू नये.

आता पाळणा संपूर्ण ऐकू येतो, मधला खोकलाही. तो काढायचा का, असं आज्जीला विचारलं तर म्हणाली, राहू दे. सगळ्यांना फिल्म डॉक्युमेंट म्हणूनच पाठवली.