पाइलवर वजन ठेवायला जागाच नव्हती

नौपाड्यातल्या आमच्या चार मजली जुन्या इमारतीला बाहेरून लिफ्ट बसवायची होती. इमारत आणि कंपाउंडची भिंत यांच्यात जेमतेम सहा फूट जागा. मोठी रिग गल्लीतच शिरत नव्हती, आणि जुन्या पायाला लागून खोल खणणं धोक्याचं होतं. म्हणून सहा मायक्रोपाइल ठरले, म्हणजे जमिनीत भोक पाडून आत सळई आणि ग्राउट, म्हणजे सिमेंटचा रबडा, भरलेले बारीक खांब: 150 मिलिमीटर व्यासाचे, वरच्या चार मीटर भरावातून केसिंगचा पाइप घालून, पुढे दोन मीटर काळ्या पत्थरात. कॉम्प्रेसर रस्त्यावर आणि होज आत, असं काम पाच दिवसांत उरकलंही.

अडलं ते लोड टेस्टवर, म्हणजे पाइल जॅकने दाबून तो किती खचतो ते बघण्यावर. एका पाइलवर 15 टन भार येणार, त्यामुळे टेस्ट दीडपट म्हणजे साडेबावीस टनांची. फाइल ज्या कार्यालयात होती, तिथे एकच धोशा: जॅकला वर रेटायला आधार म्हणून वाळूच्या गोण्या रचून टेस्ट करा. रचलेलं वजन टेस्टच्या भारापेक्षा पाव हिश्शाने जास्त लागतं. म्हणजे 28 टन, 50 किलोच्या साडेपाचशेहून अधिक गोण्या! त्या सहा फुटांत रचायच्या कुठे? तीन आठवडे मी खेटे घातले. दर वेळी उत्तर तेच, आणि जागा बघायला कोणी आलं नाही. त्याचा राग अजून गेलेला नाही.

शेवटी आमच्या स्ट्रक्चरल इंजिनिअर ताई पाइलच्या लोड टेस्टचं भारतीय मानक, IS 2911 भाग 4, याची प्रत घेऊन सोबत आल्या. "साहेब, गोण्याच पाहिजेत असं यात नाही. शेजारचे पाइल वर ओढून धरले तरी जॅकला आधार मिळतो," त्यांनी ओळीवर बोट ठेवून दाखवलं. त्या दिवशी मंजुरी मिळाली.

मधल्या पाइलवर जॅक, त्यावर लोखंडी तुळई, आणि तुळईची टोकं दोन बाजूंच्या पाइलांच्या सळयांना बांधलेली. जॅक वर रेटतो तसा मधला पाइल दाबला जातो आणि बाजूचे प्रत्येकी सव्वाअकरा टनांनी ओढले जातात. हे जमलं, कारण 32 मिलिमीटरची सळई तळापर्यंत होती आणि ग्राउटने पत्थर धरला होता. पाइल किती खचला ते मोजणारा डायल गेज मात्र वेगळ्या आधारावर लावा. बाजूचे पाइल किंचित वर सरकतात, त्यांच्यावर गेज टेकवला तर आकडा खोटा येतो.

आणि हे आधीच सांगायला हवं होतं: टेस्ट होईपर्यंत सळया कापू देऊ नका. आमच्या कंत्राटदाराने दीड फूट वर ठेवल्या होत्या, म्हणून तुळई बांधता आली.

सुरुवातीला हेलिकल पाइलही, म्हणजे स्क्रूसारखं पातं असलेले, जमिनीत पिळून घालायचे लोखंडी पाइल, सुचवले गेले होते. त्यात ग्राउट नाही, चिखल नाही. पण बोअरहोलमध्ये भरावात धोंडे निघाले. पातं धोंड्यावर अडलं की टॉर्क, म्हणजे पिळायला लागणारा जोर, एकदम चढतो. क्षमता टॉर्कवरूनच काढत असल्याने घट्ट थर लागल्यासारखं वाटतं, आणि खाली भुसभुशीत भराव तसाच राहतो.

आमचा पाइल साडेबावीस टनांखाली 3 मिलिमीटर बसला; मर्यादा 12 ची होती. भार काढल्यावर जेमतेम 1 मिलिमीटर उरला. तो कागद मी स्वतः नेऊन दिला आणि पोच घेतली.