दोन आईंचा खर्च आणि डिकीतलं पार्सल

तुम्ही विचारलंत: ‘तुम्ही पै-पै जपणाऱ्या आणि नवरा हात सैल असलेला. मग पैशावरून वाजत नाही का? आमच्याकडे महिनाअखेरीला दोघांचं बोलणंच बंद होतं.’

आमच्याकडेही व्हायचं. लग्नानंतरची पहिली सहा वर्षं मी त्याच्या प्रत्येक खरेदीला ‘केवढ्याला पडलं?’ असं विचारत होते. मला वाटायचं, मी हिशोब विचारतेय. त्याला तो जाब वाटायचा. एकदा पावसाळ्यात स्कूटरच्या डिकीत मी रेनकोट शोधत होते, तेव्हा फडक्यात गुंडाळलेलं एक पार्सल हाताला लागलं. आत शाईचं पेन होतं, साडेचार हजारांचं. किमतीचं मला फार वाटलं नाही. चाळिशीतला कमावता माणूस स्वतःच्या घरात पेन लपवून ठेवतो, हे मात्र फार लागलं.

त्या रात्री आम्ही भांडलो नाही, बोललो. माझे वडील सोलापुरात गिरणीत होते. गिरणी बंद पडली तेव्हा मी नववीत होते, आणि पुढची दोन वर्षं आई किराणा पावशेराच्या पुड्यांनी आणायची. बँकेत शिल्लक नसली की मला आजही झोप लागत नाही. त्याच्या घरची गोष्ट याच्या अगदी उलटी. सासरे निवृत्तीनंतर दीड वर्षात गेले. कपाट आवरताना आहेरात आलेले अकरा पँटपीस निघाले, एकही शिवलेला नव्हता. ‘नंतर शिवू’ म्हणून ठेवलेले. हे पँटपीस मी स्वतः घडी घालून पिशवीत भरले होते, पण त्याचा खर्चाशी काही संबंध असेल असं तोवर कधी मनात आलं नव्हतं.

मग आम्ही एक केलं. दोघांनी वेगवेगळ्या कागदावर लिहिलं की पुढच्या पाच वर्षांत पैसा कशाला हवा. एकमेकांचं न बघता. माझ्या कागदावर पहिलं होतं, कर्जाचा हप्ता धरून सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला. त्याच्या कागदावर पहिला होता प्रवास, लेक दहावीत जाण्याआधी दरवर्षी एक. गृहकर्ज लवकर फेडणं दोन्ही कागदांवर होतं. आम्ही तिन्ही ठेवली. समाईक उद्दिष्टांच्या यादीत दोघांचं प्रत्येकी एक तरी असं असावंच, जे दुसऱ्याला मनातून तितकंसं पटलेलं नाही. यादी नुसती काटकसर करणाऱ्याचीच असेल, तर दुसरा चार महिन्यांत त्यातून अंग काढून घेतो. आमची आधीची दोन अंदाजपत्रकं याच कारणाने बुडाली होती.

आता आकडे सांगते, कारण खरी अडचण तिथेच येते. तेव्हा त्याचा पगार हातात 81,000 यायचा, माझा 54,000. एकूण 1,35,000. यातून आधी दोघांनी प्रत्येकी 10,000 स्वतःच्या खात्यात ठेवायचे आणि उरलेले समाईक खात्यात टाकायचे. म्हणजे त्याचे 71,000, माझे 44,000. समाईक 1,15,000 मधून कर्जाचा हप्ता 32,000, घरखर्च आणि शाळा मिळून 48,000. राहिले 35,000 ते उद्दिष्टांचे: 15,000 अडीअडचणीच्या ठेवीला, 12,000 कर्जाच्या मुद्दलात जादा, 8,000 प्रवासाला. बँकेत हे सगळं पाच तारखेला आपोआप वळतं करून ठेवलं. हाताने वळवायचं ठेवलं की कोणीतरी एक वसुली अधिकारी होतो, आणि आमच्या घरात ती मीच झाले असते.

बरेच जण समाईक खर्च पगाराच्या प्रमाणात वाटतात आणि उरलेलं ज्याचं त्याला ठेवतात. तसं केलं असतं तर त्याच्याकडे 12,000 उरले असते आणि माझ्याकडे 8,000. मला हे मान्य नव्हतं. योगदान पगाराप्रमाणे कमीजास्त चालेल, मोकळीक सारखीच हवी. लेकीच्या आजारपणात मी चौदा महिने नोकरी सोडली, तेव्हा याची खरी परीक्षा झाली. दोघांची रक्कम आम्ही 3,000 वर आणली, पण सारखीच ठेवली. पगार नसतानाही महिन्याला माझ्या खात्यात ते तीन हजार यायचे आणि त्याबद्दल मला एकदाही तोंड उघडावं लागलं नाही. (इथे कराचं एक लक्षात ठेवा. नवऱ्याने दिलेले पैसे बायकोने ठेवीत टाकले, तर त्यावरचं व्याज नवऱ्याच्या उत्पन्नात धरलं जातं.)

या दहा हजारांचा नियम एकच आहे: विचारायचं नाही. ‘केवढ्याला पडलं’ नाही आणि ‘याची गरज होती का’ हेही नाही. मला हे जड गेलं. पहिले दोन महिने मी अक्षरशः ओठ मिटून घ्यायचे. त्यालाही एक नियम जड गेला: संपले की संपले, पुढच्या महिन्याचे उचलायचे नाहीत. आमचं क्रेडिट कार्ड समाईक होतं. त्याने त्यावर स्वतःची खरेदी केली की बिल दीड महिन्याने यायचं, आणि तोवर कुठलं कोणाचं हे कोणालाच आठवायचं नाही. म्हणून कार्ड फक्त घराच्या खर्चाला ठेवलं. स्वतःचं काहीही घ्यायचं तर स्वतःच्या खात्यातूनच. खात्यातली शिल्लकच मग त्याला थांबवू लागली, मला थांबवावं लागलं नाही.

एक चूक मात्र वर्षभर चालू राहिली. मी सोलापूरला आईला महिन्याला तीन हजार पाठवायचे, ते माझ्या दहा हजारांतून. सासूबाई आमच्याकडेच असतात. त्यांची औषधं, चष्मा, गावाला जाणं-येणं सगळं समाईक खात्यातून व्हायचं. कोणाच्या मनात काही वाईट नव्हतं. फक्त त्यांचा खर्च घरखर्चात मुरलेला होता आणि माझ्या आईचा वेगळा दिसत होता. वर्षभराचा हिशोब मांडला तेव्हा नवराच म्हणाला, ‘अगं, तुझी आई काय तुझा छंद आहे का?’ तेव्हापासून दोन्ही आया समाईक खात्यात. भाच्याच्या मुंजीचा आहेर, भावाला अडचणीत दिलेले पैसे, हेही तिथेच, पण पाच हजारांच्या वर असेल तर आधी एकमेकांना सांगून. तुमच्या घरी हे सुरू करणार असाल तर पहिल्या दिवशी नातेवाइकांचा खर्च ठरवून घ्या. किराणा आणि पेट्रोल आपोआप जागेवर बसतात.

हे कुठे चालत नाही तेही सांगते. दोघांपैकी एकाने कर्ज लपवलेलं असेल किंवा जुगाराचं व्यसन असेल, तर मोकळीक देऊन काही सुटत नाही. तिथे आधी सगळे कागद टेबलावर यायला लागतात. पगारातून काहीच उरत नसेल तर रक्कम पाचशेची ठेवा, पण दोघांना ठेवा.

माझ्या दहा हजारांतले बरेचसे मी आवर्ती ठेवीत टाकते. नवऱ्याला सुरुवातीला ते खटकलं. मजेसाठी दिलेले पैसे ही पुन्हा बँकेत का घालते, असं त्याला वाटायचं. पण न विचारण्याचा नियम त्यालाही लागू होता. मला त्या पासबुकाची नोंद बघून जे वाटतं, ते त्याला पेनात शाई भरताना वाटत असावं.

कर्जात जादा भरण्याबद्दल एवढंच: वैयक्तिक गृहकर्ज बदलत्या व्याजदराचं असेल तर मुदतीआधी भरल्याबद्दल बँक दंड घेत नाही. पण ‘हप्ता तोच ठेवा, मुदत कमी करा’ असं लेखी द्या.

अडीअडचणीची ठेव बत्तीस महिन्यांनी पूर्ण झाली, 4,80,000. महिन्याचे पंधरा हजार मोकळे झाले आणि त्याच संध्याकाळी मी म्हटलं कर्जात घालू, तो म्हणाला लडाखला जाऊ. आवाज थोडे चढले. मग लेकीनेच वहीतून दोन कागद फाडून आमच्यासमोर ठेवले.