सादळलेला कागद आणि प्रिंटरची जागा : कोल्हापुरातल्या पावसाळ्याची नोंदवही

काम : गड-भटकंतीच्या घडीपुस्तिका, ए-फोर, दोन्ही बाजूंना छपाई. यंत्र : घरगुती काळा-पांढरा लेझर प्रिंटर. कागद : ७५ जीएसएमचा साधा कॉपियर. अडचण दरवर्षीचीच. मे महिन्यात विनातक्रार चालणारा प्रिंटर आषाढ लागला की दुसऱ्या बाजूला कागद अडकवायला लागतो. या मोसमात यंत्राऐवजी जागा आणि कागद तपासायचे ठरवले.

जून, दुसरा आठवडा. जागा.

कोल्हापुरात पाऊस वाऱ्याबरोबर पश्चिमेकडून मारतो, त्यामुळे घराची पश्चिम आणि नैऋत्य बाजूची बाहेरची भिंत पहिल्यांदा ओल धरते. रंग फुगेपर्यंत ते डोळ्यांना दिसत नाही. म्हणून प्रत्येक संशयित भिंतीवर फूटभर लांब-रुंद पारदर्शक प्लास्टिक लावले, चारही कडा चिकटपट्टीने पक्क्या बंद केल्या आणि २४ तास तसेच ठेवले. प्लास्टिकच्या भिंतीकडच्या अंगाला थेंब दिसले तर ओल भिंतीतून येते आहे. खोलीकडच्या अंगाला आले तर हवेतला दमटपणा थंड भिंतीवर धरतो आहे. पश्चिमेच्या भिंतीवर थेंब भिंतीकडच्या अंगाला होते, त्यामुळे तिथले टेबल बाद.

प्रिंटर आता दोन खोल्यांमधल्या भिंतीपाशी आहे. उंची ७५ सेंटीमीटर, मागे १५ सेंटीमीटर मोकळे. ही मोकळी जागा गरम हवा बाहेर जाण्यासाठी लागते. खिडकीसमोरची जागा उन्हासाठीही टाळली. ड्रमला थेट प्रकाश सोसत नाही, आणि उन्हाने तापलेल्या यंत्रात टोनर गोळे धरतो. स्वयंपाकघराला लागून असलेला कोपरा रिकामा होता, पण फोडणीचा तेलकट धूर कागद उचलणाऱ्या रबरी रोलरवर बसतो, त्यावर धूळ चिकटते आणि रोलर घसरायला लागतो. तो कोपरा सोडलेलाच बरा.

जुलै, पहिला आठवडा. कागदाचे वजन.

हायग्रोमीटर खोलीतल्या हवेचा दमटपणा सांगतो, कागदात किती पाणी शिरले ते सांगत नाही. ते कळायला स्वयंपाकघरातला एक ग्रॅमपर्यंत मोजणारा वजनकाटा पुरतो. हिशेब सोपा आहे. जीएसएम म्हणजे एका चौरस मीटर कागदाचे ग्रॅममधले वजन आणि ए-फोर म्हणजे एक चौरस मीटरचा सोळावा भाग, म्हणून ७५ जीएसएमचे १०० कागद कागदोपत्री ४६९ ग्रॅम भरायला हवेत. कारखान्याचा जीएसएम थोडा मागेपुढे असतो, त्यामुळे या आकड्यावर विसंबायचे नाही. रिम उघडल्या उघडल्या १०० कागद मोजून वजन करायचे आणि वेष्टनावर लिहायचे. नंतरची प्रत्येक वाढ म्हणजे पाणी.

या रिममधल्या शंभर कागदांचे उघडतानाचे वजन ४६६ ग्रॅम. खोलीत २५ अंश आणि दमटपणा ८८ टक्के. ट्रेमध्ये एक रात्र राहिलेला गठ्ठा ४७५ भरला आणि चार दिवसांनी ४८३. म्हणजे शंभर कागदांनी १७ ग्रॅम पाणी प्यायले. गठ्ठा हातात घेतला की डोळ्यांनाही कळते : कडा झालरीसारख्या लहरतात आणि मधला भाग सपाट राहतो. हवा कडांनाच लागते, तिथले तंतू फुगतात, आतले कोरडे राहतात. कागद फडफडवला तर कडक आवाज येत नाही, सादळलेल्या पापडासारखा मऊ वाकतो.

दोन्ही बाजूंच्या छपाईत ४६६ ग्रॅमच्या गठ्ठ्यातला एकही कागद अडकला नाही. ४८३ च्या गठ्ठ्यातले ९ अडकले, सगळे दुसऱ्या बाजूला. पहिल्या फेरीत फ्यूजरच्या उष्णतेने पाणी वाफ होऊन निघते, पण दोन्ही अंगांनी सारखे नाही. कागद बाक धरतो आणि तो बाक घेऊनच परत आत जातो. बाहेर पडताना वाफ दिसते, ती याच पाण्याची. यंत्र जळत नसते.

दुसरे लक्षण आहे फिकट ठिपके, आणि इथे बरेच जण उगाच ड्रम बदलतात. ओल्या कागदातून विद्युतभार निसटतो, त्यामुळे टोनर कागदावर पुरता ओढला जात नाही. ओळखायचे असे : ड्रमचा दोष पानावर ठरावीक अंतराने त्याच रेषेत पुन्हा उमटतो, सादळलेल्या कागदाचे ठिपके कुठेही येतात. खात्रीसाठी नव्या रिमचा एक कागद घालून तेच पान छापावे. काळेभोर आले तर ड्रम ठीक आहे.

जुलै, तिसरा आठवडा. सिलिका जेल आणि पेटी.

सिलिका जेलच्या पुड्यांनी ओली रिम सुकत नाही. शंभराला १७ ग्रॅम म्हणजे पाचशेच्या रिममध्ये ८५ ग्रॅम पाणी. जेल स्वतःच्या वजनाच्या पाव हिश्शाइतके पाणी धरते असे धरले तरी साडेतीनशे ग्रॅम कोरडे जेल लागेल. पाच-पाच ग्रॅमच्या दोन पुड्या अडीच ग्रॅमला संपतात. आधीच कोरडी असलेली रिम घट्ट झाकणाच्या डब्यात तशीच राखायला मात्र जेल उपयोगी पडते.

त्याऐवजी पेटी केली. १८ मिलिमीटर प्लायवूड, आत ४० बाय ४० सेंटीमीटर, उंची ५०. तळाशी चिनीमातीच्या होल्डरमध्ये १५ वॅटचा तारेचा बल्ब, वर जाळीची फळी, बल्ब आणि कागद यांत ३० सेंटीमीटर अंतर. एलईडी चालत नाही, कारण इथे उजेड नको, उष्णता हवी. आतले तापमान साडेतीस अंशांवर स्थिरावले आणि दमटपणा ६४ टक्क्यांवर. हवेतले पाणी तेवढेच राहते, पण तापलेली हवा जास्त पाणी पेलू शकते म्हणून टक्का उतरतो, आणि कागद त्या टक्क्यालाच जुळवून घेतो. तोच बल्ब लोखंडी कपाटात लावला तर दीड-दोन अंशांपुढे फरक पडेना. पत्र्यातून उष्णता निघून जाते.

पेटीतला गठ्ठा ४७२ वर थांबला. वाढ ८ ग्रॅमच्या आत असली तर दोन्ही बाजू नीट छापल्या जातात, हा या यंत्रापुरता आकडा. प्रत्येकाने आपल्या प्रिंटरवर वेगळा काढावा.

ऑगस्ट. सध्याची पद्धत.

ट्रेमध्ये एका वेळी लागतील तेवढेच कागद, तीसच्या आसपास. काम संपले की उरलेले पेटीत. बंद रिम बाहेरून आणल्यावर वेष्टन न फोडता एक दिवस खोलीत ठेवायची. दुकानात शक्यतो तळाची, फरशीला टेकलेली रिम घ्यायची नाही. बाक आलाच तर गठ्ठा ट्रेमध्ये उलटा घालून पाहावा, आणि प्रिंटरच्या सेटिंगमध्ये कागदाचा प्रकार पातळ निवडावा. त्याने फ्यूजरचे तापमान उतरते. मात्र नंतर अक्षरावर बोट घासून पाहावे. टोनर पुसला जात असेल तर सेटिंग मागे घ्यावे.

प्रिंटरवर सुती कापडाचे आच्छादन आहे. प्लास्टिकच्या खोळीत गरम यंत्र झाकले की आतच दमट कोंडते.

पुढची नोंद गुऱ्हाळे सुरू झाल्यावर. तेव्हा हवा कोरडी असेल, पण शहराच्या कडेच्या भागात चिपाडाच्या जाळाची काजळी उडते. रोलर पाण्याने किंचित ओल्या केलेल्या, तंतू न सुटणाऱ्या कापडाने पुसायचा, आणि किती पानांनी पुन्हा घसरतो ते मोजायचे. पहिला पुसला तेव्हाचा पानांचा आकडा वेष्टनावर लिहून ठेवला आहे : १२४०.