‘सॉरी, बिझी आहे’ हे मी का लिहीत नाही

‘आधी ठरलेल्या दरापेक्षा फारच कमी पैशात काम देऊ करतात, तेव्हा समोरच्याला न दुखावता नाही कसं म्हणायचं? तुम्ही नेमकं काय लिहिता?’

तुम्ही विचारलंत म्हणून आधी माझी फजिती सांगते. पाच-सहा वर्षांपूर्वी एका एजन्सीने निम्म्या दरात काम विचारलं. मी भाषांतर करते, इंग्रजीतून मराठीत. पैशांचं थेट लिहायला जीभ, म्हणजे बोटं, रेटेनात. म्हणून लिहिलं, ‘सॉरी, या आठवड्यात जरा बिझी आहे.’ पाच मिनिटांत उत्तर आलं, ‘काही हरकत नाही मॅडम, पुढच्या आठवड्यात द्या!’ आता काय म्हणणार? पुढचा आठवडाही बिझी? मी ते काम निम्म्या दरात केलं, रात्री जागून केलं, आणि पुढचं वर्षभर त्या एजन्सीत माझा दर तोच राहिला. त्यांचं काहीच चुकलं नव्हतं. मी अडचण वेळेची सांगितली होती, त्यांनी ती सोडवली.

तेव्हापासून मी खरं कारण लिहिते, आणि एकच लिहिते. अलीकडचं एक उदाहरण सविस्तर सांगते, कारण त्यात फसायला भरपूर जागा होती.

मार्चमध्ये एका एजन्सीशी इंग्रजी शब्दामागे अडीच रुपये असा दर ठरला होता. बोलणं फोनवर झालं, पण त्याच संध्याकाळी मी दोन ओळींची मेल टाकली: ‘आज बोलल्याप्रमाणे दर असा असा.’ त्यांचं ‘ओके’ आलं. या ‘ओके’चा पुढे फार उपयोग झाला. त्या दराने दोन छोटी कामंही झाली.

जुलैत एका सोमवारी मी नौपाड्यात गिरणीसमोर दळणाच्या रांगेत उभी होते. एका हातात पिठाचा डबा, दुसऱ्या हातात छत्री, आणि फोन थरथरला. पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्राचं मॅन्युअल, 18,000 शब्द, सहा दिवस, दर शब्दाला एक रुपया. गिरणीत भावाची पाटी समोरच टांगलेली असते, तिथे कुणी घासाघीस करत नाही, एवढं मनात येऊन गेलं. मग मेसेज पुन्हा वाचला. दराच्या पुढे लिहिलं होतं, ‘मराठी शब्दांवर’.

खरी मेख तिथे होती. भाषांतराचे शब्द दोन तऱ्हांनी मोजतात: मूळ मजकुराचे किंवा तयार झालेल्या मजकुराचे. मराठीत विभक्तीचे प्रत्यय शब्दालाच चिकटतात आणि ‘द’, ‘अ’ असली उपपदं नाहीत, म्हणून तोच मजकूर कमी शब्दांत बसतो. ‘द मशीन शुड बी क्लीन्ड विथ अ सॉफ्ट क्लॉथ’ हे नऊ शब्द. ‘यंत्र मऊ कापडाने पुसावे’ हे चार. दर वाक्याला एवढा फरक पडत नाही हे खरं, पण माझ्या जुन्या फायली मोजल्या तर हजार इंग्रजी शब्दांचे आठशेच्या आसपास मराठी शब्द होतात. मेहनत तेवढीच, मोजणी कमी. म्हणजे त्यांचा एक रुपया माझ्या जुन्या हिशेबात ऐंशी पैसे होता.

घरी आल्यावर डबा तसाच ठेवून वहीत मांडलं. जुन्या दराने 45,000 रुपये. नव्याने साधारण 14,400. मी दिवसाला दोन हजार शब्द नीट करते, त्याहून जास्त केले की चुका राहतात. म्हणजे नऊ दिवस भाषांतर आणि एक दिवस पुन्हा वाचायला. दहा दिवसांचे 14,400, आणि त्यांना तर सहाच दिवसांत हवं होतं. हा हिशेब मी मेसेजात घालत नाही. माझं घर कसं चालतं हा त्यांचा प्रश्न नाही, आणि तसं लिहिलं की सूर रडका होतो. तो माझ्यासाठी असतो. आकडा समोर असला की नाही म्हणताना मी डगमगत नाही.

मग मेसेज लिहिला. चाळीस मिनिटं लागली, त्यातली तीस मिनिटं शब्द खोडण्यात गेली. हा घ्या, जसाच्या तसा:

‘नमस्कार मॅडम,
या कामासाठी आठवण ठेवलीत, आभारी आहे. फाइल पाहिली, असा मजकूर मी आधीही केलेला आहे.
मार्चमध्ये आपला दर इंग्रजी शब्दामागे अडीच रुपये ठरला होता, ती मेल पुढे पाठवते आहे. आत्ताचा दर मराठी शब्दामागे एक रुपया आहे, इंग्रजी शब्दांवर धरला तर तो साधारण ऐंशी पैसे होतो. या दरात मला हे काम घेता येणार नाही.
बजेट एवढंच असेल तर सुरक्षेच्या सूचना आणि वापरण्याची पद्धत हा पहिला भाग, सुमारे 5,700 शब्द, ठरलेल्या दराने तीन दिवसांत देऊ शकते. त्याचे 14,250 रुपये होतील. तसं चालणार असेल तर बुधवारी संध्याकाळपर्यंत कळवा, तोवर ते तीन दिवस तुमच्यासाठी मोकळे ठेवते.
नाही जमलं तरी हरकत नाही. पुढच्या कामाला जरूर विचारा.’

यातल्या दोन-तीन जागांवर मी बराच वेळ अडले होते.

पहिल्यांदा लिहिलं होतं, ‘या दरात मला परवडत नाही.’ ते खोडलं. ‘परवडत नाही’ हा बाजारातला शब्द आहे. जांभळी नाक्यावर भाजीवालीला आपण म्हणतो ‘परवडत नाही हो’ आणि चालायला लागतो, ते तिने मागून हाक मारावी म्हणूनच. त्याला ठरलेलं उत्तर असतं, ‘किती परवडेल, बोला!’ ‘जमणार नाही’ लिहावं तर वेळ जमत नाही की पैसे, हे कळत नाही. आणि ‘बघते, सांगते’ हा तर आपला मराठी नकार. आपल्याला वाटतं सभ्यपणे नाही म्हटलं, तिकडे मॅडम आपल्या नावापुढे काम टाकून मोकळ्या होतात आणि चौथ्या दिवशी विचारतात, ‘कुठवर आलं?’ ‘घेता येणार नाही’ हे जरा सरकारी वाटतं, मान्य. पण त्याला प्रतिप्रश्न चिकटत नाही.

दुसरी जागा मेल पुढे पाठवण्याची. ‘तुम्हीच कबूल केलं होतंत’ असं लिहायचा मोह फार होतो. पण मेसेज पाठवणाऱ्या मॅडम नोकरी करतात. दर त्यांच्या वरच्या कुणीतरी ठरवलेला असतो, आणि मार्चचा दर त्यांना ठाऊक असेलच असंही नाही. जुनी मेल नुसती समोर ठेवली की त्यांनाही वर दाखवायला कागद मिळतो. टोमणा मारला की त्या कंपनीची बाजू घेतात. घेणारच. मीही घेतली असती.

तिसरी जागा कामाचा एक भाग देऊ करण्याची. दर हलवायचा नाही, काम कमी करायचं. त्यांच्याकडे चौदा हजार आहेत ना, मग त्या चौदा हजारांत माझं काय बसतं ते दाखवायचं. उलट ‘यावेळपुरतं दीड रुपयात करते’ म्हटलं असतं तर ‘यावेळपुरतं’ हा शब्द त्यांच्या यादीत शिरलाच नसता. तिथे नावापुढे फक्त आकडा असतो. अर्थात मॅन्युअलचे असे तुकडे पडतात म्हणून हे शक्य झालं. एखादी जाहिरात किंवा चारपानी करारनामा असता तर तिसऱ्या परिच्छेदावर फुली मारून नकारावरच मेसेज संपवला असता. बुधवारची मुदत घातली ती माझ्यासाठी. नाहीतर उत्तराची वाट बघत मी दुसरी कामं सोडत बसते.

मंगळवारी दुपारी फोन आला. ‘मॅडम, एक सत्तर केलं तर? इंग्रजी शब्दांवर.’ दुपटीहून जास्त चढले होते, क्षणभर हो म्हणावंसं वाटलं. पण फोनवर दर बोलायचा नाही हा माझा नियम आहे, कारण फोनवर मी मऊ पडते. म्हटलं, ‘मी मेसेजमध्ये लिहिलंय तेवढंच करू शकते हो.’ थोडी शांतता. मग ‘बरं, विचारते वर.’ बुधवारी संध्याकाळी मेसेजवर फक्त एक अंगठा उमटला. काम दुसरीकडे गेलं, अर्धंही आलं नाही. ते तीन दिवस मी रिकामी होते. कपाट आवरलं आणि राम मारुती रोडवर जाऊन चष्म्याची काच बदलून आणली. पश्चात्ताप झाला का? गुरुवारी थोडा झाला. सप्टेंबरात त्याच मॅडमनी नऊशे शब्दांचं एक पत्रक पाठवलं, मेलमध्ये ‘दर आपला नेहमीचा’ असं लिहून. हिशेब 2,250 रुपयांचा. पंचेचाळीस हजारांची भरपाई त्यातून होत नाही, हेही सांगून टाकते.

एक मात्र लक्षात घ्या. हा मेसेज काम सुरू होण्याआधीचा आहे. दर ठरला, ऑर्डर आली, निम्मं काम झालं आणि मग ‘बजेट कमी झालंय’ आलं, तर हा मसुदा कामाचा नाही. तिथे नवं काम नाकारायचं नसतं, झालेल्या कामाचे ठरलेले पैसे मागायचे असतात. आधी हात थांबवायचा, झालेले शब्द मोजून त्यांचं बिल जुन्या दराने लावायचं आणि ऑर्डरची प्रत सोबत जोडायची. उद्यम नोंदणी असेल तर 2006 च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्याचाही आधार मिळतो. त्यात तयार काम ग्राहकाने स्वीकारल्यापासून जास्तीत जास्त 45 दिवसांत पैसे देण्याचं बंधन त्या ग्राहकावर आहे. असा मेसेज मी आजवर दोनदा लिहिलाय, दोन्ही वेळा रागात, आणि दोन्ही वेळा पाठवण्याआधी नवऱ्याने त्यातली उद्गारचिन्हं काढली.