तुम्ही विचारलंत म्हणून: ९५६ रुपये

"अहो, लाखावर फी भरताय, मग साडेनऊशे रुपयांसाठी क्लासच्या ऑफिसात एवढा वाद कशाला घातलात?"

वाद मी घातला नाही, मी बेरीज मागितली. मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर दिवसभर हिशेबच लिहिते. कुठल्या क्रमाने वजाबाकी केली की कुणाच्या पदरात किती पडतं, हे मला न बघता कसं राहवेल?

थोरलीची अकरावी सायन्सची फी ६०,००० आणि धाकट्याची नववीची ४०,०००. भावंडं म्हणून धाकट्याच्या फीत १० टक्के सूट, म्हणजे ४,०००. तीन हप्त्यांत भरायचं असेल तर ५ टक्के जादा, आणि वर १८ टक्के जीएसटी. शाळेच्या फीवर जीएसटी नसतो, खासगी क्लासच्या फीवर असतो. इथवर माझी काहीच तक्रार नव्हती.

काउंटरवरच्या मॅडमनी लाखावर आधी ५ टक्के चढवले, १,०५,००० झाले. त्यावर कर १८,९००. आलेल्या १,२३,९०० मधून शेवटी ४,००० वजा करून १,१९,९०० चा कागद पुढे सरकवला. मी म्हटलं, सूट आधी वजा करा. ९६,००० वर ५ टक्के म्हणजे १,००,८००, त्यावर कर १८,१४४, एकूण १,१८,९४४. फरक ९५६ रुपयांचा. जे ४,००० मी देणारच नव्हते, त्यांच्यावर हप्त्याचे २०० चढले होते आणि त्या ४,२०० वर ७५६ कर लागला होता.

त्या म्हणाल्या, "मॅडम, टक्केवारी आहे, आधी काढा नाहीतर नंतर काढा, उत्तर तेच येतं." हे अर्धं खरं आहे, म्हणूनच लोक गप्प बसतात. सूट दोघांच्या मिळून अख्ख्या फीवर असती आणि शेवटी टक्क्यानेच कापली असती, तर क्रमाने फरक पडला नसता. पण सूट एकट्या धाकट्याच्या फीवर, आणि ती ठरीव आकड्याने शेवटी वजा केली, की उत्तर बदलतं. बिलाच्या वेळीच दिलेली आणि बिलात दाखवलेली सूट वजा करून उरलेल्या रकमेवरच जीएसटी लागतो, हा कायदा आहे. हप्त्यापोटीची जादा रक्कम मात्र फीतच धरली जाते, तिच्यावर कर लागतोच. तो मी मुकाट्याने मान्य केला.

मग त्या मागच्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "परवडत नसेल तर एकाचंच ॲडमिशन करा ना." थोरली शेजारी उभी होती. तिने माझी ओढणी धरली आणि हळूच म्हणाली, "आई, चल ना, नको मला क्लास." कानशिलं तापली माझी. रांगेत आमच्या गल्लीतले दोघं होते, ते मोबाइलमध्ये बघायला लागले. एक मन म्हणत होतं, सही कर आणि ऊठ, पोरीसमोर शोभा नको. मास्तरांशी पैशांवरून घासाघीस करू नये, असं मीच पूर्वी जावेला सांगत असे. पण ही घासाघीस नव्हती. मी सूट वाढवून मागितली नव्हती, दिलेली सूट पुरी मागत होते.

मी उठले नाही. दोघांची बिलं वेगवेगळी मागितली. थोरलीचं ६०,०००, हप्त्याचे ३,०००, कर ११,३४०, एकूण ७४,३४०. धाकट्याचं ३६,०००, हप्त्याचे १,८००, कर ६,८०४, एकूण ४४,६०४. बेरीज तीच, १,१८,९४४. तुम्हीही असंच करा. बिलं वेगळी असली की सूट ज्याची त्याच्याच फीतून जाते, शेवटाला सरकत नाही. बिलावर क्लासचा पंधरा अक्षरी जीएसटी नंबर बघा, महाराष्ट्रातला २७ ने सुरू होतो. नोंदणी नसलेल्या क्लासला कर घेताच येत नाही.

खरं सलतं ते हप्त्याचं. पहिला हप्ता आम्ही प्रवेशाच्या दिवशीच भरला, तरी ५ टक्के पूर्ण रकमेवर. ९६,००० चे तीन भाग केले तर ३२,००० तीन महिने थकतात आणि ३२,००० सहा महिने. तेवढ्यासाठी ४,८०० म्हणजे वर्षाला २० टक्के व्याज. बँकेत सोनं तारण ठेवलं असतं तर स्वस्त पडलं असतं. मिस्टर म्हणतात, "क्लासवाल्यालाही दर महिन्याला मास्तरांचे पगार द्यायचे असतात." तेही खोटं नाही. पण जूनमध्ये ज्याच्या हातात एकरकमी पैसा नाही, त्यानेच जास्त का मोजायचं?

थोरली अजून म्हणते, "तू त्या दिवशी सोडून द्यायला हवं होतंस." तिला काय वाटलं असेल ते मला कळतं. तरी पुढच्या जूनमध्येही मी बिलं वेगळीच मागणार आहे.